एका घंटीचा माणूस

आमच्या अकोटात लग्नाच्या पंगतीतून उठून घरी पोचायला साधारण दीड तास लागतो. हात धुवायला दहा मिनिटं, आणि उरलेला वेळ ‘काऊन, इतक्यात?’ या प्रश्नाची उत्तरं द्यायला. यजमान हात धरतो, यजमानाचा साळा दुसरा हात धरतो, कोणीतरी पान आणायला धावतं, आणि पान येईपर्यंत एक जुनी भानगड निघते, जी अर्धवट टाकून जाणं बरं दिसत नाही. येतोभाऊंना मात्र या सगळ्याला चार मिनिटं लागतात. ते चपला घालून यजमानापाशी येतात, आधी नाही. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून, यजमान दुसऱ्या कोणाशी बोलत असतानाच, त्याच्या कोपराला बोट लावून हळूच ‘येतो’ म्हणतात. यजमान मान हलवतो. मान सरळ होईपर्यंत भाऊ रस्त्याला लागलेले असतात.

जाताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, ही रीत काही त्यांनी काढलेली नाही. ती आपल्या सगळ्यांचीच आहे. पण आपण ‘येतो’ म्हणून तासभर बसतो. त्यांनी ‘येतो’ म्हटलं की माणूस जातो. म्हणून त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि गावानं त्यांना येतोभाऊ करून टाकलं.

भाऊ एसटीच्या अकोट आगारात कंडक्टर होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी डावा खांदा अजून चामडी बॅगेच्या वजनानं खाली झुकलेला आहे. मोबाईल ते तिकिटांच्या गठ्ठ्यासारखा तळहातावर आडवा धरतात आणि पडदा वर सरकवायच्या आधी अंगठा जिभेला लावतात. फोनवर त्याचा काही उपयोग होत नाही हे त्यांना माहीत आहे, पण अंगठ्याला माहीत नाही. अकोला, दर्यापूर, शेगाव, परतवाडा या सगळ्या रस्त्यांवर त्यांनी लाखो माणसं चढवली आणि उतरवली. नोकरीच्या शेवटी तर अकोल्याची छोटी रेल्वे ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद होती, तेव्हा बसमध्ये माणसं उभी नव्हती, रचलेली होती. माणूस चढतो कसा याचं भाऊंना काही वाटत नाही. उतरतो कसा, त्यावरून ते त्याची परीक्षा करतात.

“सर,” ते मला म्हणाले होते, “गाडीत दोनच घंट्या असतेत. एक घंटी म्हंजे थांब, दोन घंट्या म्हंजे चाल. अन् उतरनारे बी दोन परकारचे. एक मानूस गाव यायच्या आधीच सामान घेऊन दारापाशी येते, मले सांगते, मी एक घंटी मारतो, तो उतरते. मागच्या सीटवरच्याले पत्ता नसते का गाडी थांबली काऊन. दुसरा मानूस स्टॉप आला का जागा होते, अन् ‘थांबवा थांबवा’ म्हनून बोंबलते. पोट्टं इकडं, पिशवी तिकडं, साठ मानसं वळून पायतेत.”

मी दुसऱ्या प्रकारचा माणूस आहे हे तेव्हा मला कळायचं होतं.

झालं असं. गावातल्या एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपात मी होतो. पूर्वी एका ग्रुपात २५६ माणसं मावत, तेव्हा त्याच नावाचे एक, दोन, तीन असे ग्रुप होते. २०२२ मध्ये कंपनीनं ती मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ केली, तशी आमच्या ॲडमिनांनी सगळी प्रजा एकाच वाड्यात आणली. आम्ही ८७० झालो. पहाटे पाचपासून फुलं, त्यावर सुविचार, मग नळ कधी येणार याची चौकशी, कापसाचा भाव, हरवलेली शेळी, सापडलेली किल्ली, आणि एखाद्याच्या वाढदिवसाच्या फोटोखाली चुकून पडलेली भावपूर्ण श्रद्धांजली. माझा फोन भरून गेला. कॉलेजातल्या पोरांच्या उत्तरपत्रिकेचा एक फोटो घ्यायचा तर आधी चाळीस गुलाब पुसावे लागत.

एका रात्री पावणेअकराला मी ठरवलं की बस्स. शिकलेला माणूस, म्हणून न सांगता जाणं बरं नव्हे. मी लिहिलं: ‘सर्व सन्माननीय सदस्यांना सविनय नमस्कार. काही वैयक्तिक कारणास्तव मी हा समूह सोडत आहे. माझ्याकडून कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व. आपला स्नेह असाच राहू द्यावा.’ दोनदा वाचलं, समाधान वाटलं, पाठवलं आणि लगेच बाहेर पडलो.

एक गोष्ट माझ्या ध्यानात नव्हती. संध्याकाळी आठपासून त्या ग्रुपात उत्सवाच्या वर्गणीच्या हिशेबावरून भांडण पेटलं होतं. मी ते वाचलेलंही नव्हतं. पण माझा निरोप त्या भांडणाच्या बरोब्बर डोक्यावर जाऊन बसला.

पहिला फोन अकरा वाजायच्या आत आला. “काऊन सर, कोन काय म्हनलं तुमाले?” दुसरा फोन हिशेब मांडणाऱ्या बाजूचा होता, ते रागावले होते. तिसरा हिशेब मागणाऱ्या बाजूचा, ते माझं अभिनंदन करत होते. परतवाड्याहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. त्याला कोणीतरी माझ्या निरोपाचा फोटो काढून पाठवला होता आणि ‘वैयक्तिक कारण’ म्हणजे बायपास असावी असं त्याच्या घरात ठरलं होतं. रात्री बाराला दोन माणसं दारात आली आणि म्हणाली की तुमच्यासारखी माणसं निघून गेली तर गावानं पाहायचं कोणाकडे. बायकोनं त्यांना चहा केला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळी उठलो तर मी पुन्हा ग्रुपात होतो. ॲडमिननं मला परत घेतलं होतं आणि खाली लिहिलं होतं: ‘सरांचा गैरसमज दूर झाला आहे.’ त्याखाली ४३ जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

येतोभाऊ दुपारी आले. त्यांनी माझा फोन तळहातावर आडवा घेतला, अंगठा जिभेला लावला आणि माझा निरोप वाचला. मग, हातात पंच नसताना, दोन बोटं हवेत कटकट वाजवत ते एकेक शब्द टोचू लागले.

“‘सन्माननीय’. हे वाचलं का लोकं समजतेत, मानूस निवडनुकीले उभा रायते. ‘काही वैयक्तिक कारनास्तव’. सर, ही कुलूप लावलेली पेटी हाय. भर गाडीत कुलूप लावलेली पेटी ठेवली तं अख्खी गाडी इचारते, आत काय हाय. ‘मन दुखावलं असल्यास’. आता जो तो आपलं मन चाचपून पायते, दुखून रायलं का नाई. ज्याचं दुखत नव्हतं त्याचंबी दुखाले लागते. अन् ‘सोडत आहे’. हा राजीनामा झाला. राजीनामा आला का त्याच्यावर चर्चा करा लागते.” ते थांबले. “चार तिकिटं फाडले तुमी. चार जागचे फोन आले. बरोबर हिशेब हाय.”

मी म्हटलं, “मग न सांगताच जायला हवं होतं. आता तर कोणाला कळतही नाही.”

हे खरं आहे. पूर्वी तुम्ही बाहेर पडलात की ग्रुपाच्या मधोमध करड्या अक्षरांत तशी ओळ उमटायची आणि सगळ्यांना दिसायची. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीनं ते बदलायचं जाहीर केलं. आता तुम्ही गेल्याची सूचना फक्त ॲडमिनांना मिळते. पण भाऊंनी माझ्याच फोनवर ग्रुपाचं नाव दाबलं आणि बोट खाली खाली नेलं. आठशे नावांच्या तळाशी, माजी सदस्यांची एक यादी होती. गेल्या ६० दिवसांत जे जे गेले ते सगळे तिथं, आणि ती यादी कोणालाही उघडता येते. अकोटात आठशे नावांच्या खाली बोट न्यायला वेळ असणारी माणसं पुष्कळ आहेत.

“पायलं?” भाऊ म्हणाले. “न सांगता उतरलं तं हे असं सापडते. महिन्यानं कोनाले तरी दिसते, मंग तो म्हनते, सर न सांगता गेले. सांगून गेले तं गोंधळ, न सांगता गेले तं चोरी. म्हनून तिकीट पायजे. तिकिटाकडं कोनी पायते काय? खिशात पडून असते. पन चेकर चढला का दाखवा लागते. निरोपबी तसाच लिहायचा. वाचताना कोनाच्या ध्यानात नाई आला पायजे, अन् उद्या कोन इचारलं तं दाखवता आला पायजे.”

ग्रुप सोडण्यावर एवढं सगळं एका वाक्यात कोणी सांगेल असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलं की गुरू कोण. ते म्हणाले, नर्सिंग महाराजांचं गाव आहे हे, आपल्याला बाहेर शोधायला कशाला जायला लागतं? शेगावचे गजानन महाराज नर्सिंगजींना भेटायला अकोटला आले, ते पोथीत आहे. बातमी फुटली, गाव नारळ घेऊन दर्शनाला धावलं, तर महाराज भल्या पहाटेच निघून गेलेले. “पन नर्सिंगजीले सांगून गेले,” भाऊ बोट वर करून म्हणाले. “फक्त ॲडमिनले.”

मग त्यांनी मला पुन्हा उतरवायचं काम हाती घेतलं.

पहिल्या आठवड्यात काही करायचंच नव्हतं. भाऊंनी एक वही काढली, तिला ते वेबिल म्हणत, आणि त्यात ग्रुपाची वर्दळ लिहिली. सकाळी सहा ते आठ फुलांची रांग. दुपारी एक ते चार सामसूम. रात्री आठनंतर भांडणं. मला वाटलं, दुपारची सामसूम उत्तम, कोणी पाहणार नाही. भाऊंनी कपाळाला हात लावला. सामसुमीत टाकलेली ओळ संध्याकाळपर्यंत सगळ्यात खाली तशीच लटकून राहते आणि जो येतो तो आधी तीच वाचतो. रात्री टाकली तर ती कोणाच्या ना कोणाच्या बाजूची ठरते, हे मी भोगलंच होतं. तेव्हा सकाळी साडेसात. मागून पन्नास गुलाब येतात आणि तुमची ओळ ढकलत वर नेतात. मात्र त्या दिवशी गावात कोणी गेलेलं नसावं, कसली वर्गणी सुरू नसावी, आणि आदल्या दिवशी तुमच्या कुठल्याही मेसेजला कोणी उलट उत्तर दिलेलं नसावं. असा कोरा दिवस मिळायला आम्हाला नऊ दिवस लागले.

त्याच्या आदल्या संध्याकाळी ॲडमिनला सांगायचं. आमच्या ग्रुपाला पाच ॲडमिन होते आणि सूचना पाचही जणांना मिळणार होती. भाऊ म्हणाले, पाचांना सांगाल तर बैठक होईल. जो खरा मालक आहे त्याला एकट्याला सांगा, बाकीच्या चौघांना तो उत्तर देईल. मी लिहिलं: ‘भाऊ, उद्या दुपारी मोठ्या ग्रुपातून निघतो आहे. फोन भरलाय, दुसरं काही नाही. परत घेऊ नका, काम असलं की फोन करा.’ उत्तरादाखल अंगठा आला. मागल्या वेळी ज्यानं मला टाळ्यांच्या गजरात परत घेतलं होतं तोच हा माणूस. त्याला आधी माहीत नव्हतं म्हणून त्यानं घेतलं होतं. आता माहीत होतं, म्हणून विषय संपला. तरी भाऊंनी माझ्या फोनच्या प्रायव्हसीत जाऊन, मला ग्रुपात कोण ओढू शकतं तिथं ‘माझे संपर्क, हे वगळून’ असं निवडलं आणि पाचही ॲडमिन वगळले. म्हणजे कोणी ओढायला गेलंच तर त्याला मला खाजगीत निमंत्रण पाठवावं लागणार, आणि ते तीन दिवसांत आपोआप शिळं होणार. “पास देल्ला तरी गाडीत बसाचं का नाई, ते आपल्या हाती,” भाऊ म्हणाले.

मग ओळ. माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं, ‘फोन बिघडल्यामुळे’. भाऊंनी ते खोडलं. खोटं कारण देऊ नये, कारण संध्याकाळी तुम्ही स्टेटसवर नातवाचा फोटो ठेवता आणि पकडले जाता. दुसऱ्या खर्ड्यात होतं, ‘अभ्यासाला वेळ देता यावा म्हणून’. तेही खोडलं. त्यात बाकीचे रिकामटेकडे आहेत असा वास येतो. “कारन खरं पायजे, लहान पायजे, अन् असं पायजे का आयकनाऱ्याले जांभई याली पायजे,” असं म्हणत त्यांनी माझ्याकडून चार-पाच वेळा लिहून घेतलं. शेवटी उरलं ते एवढं:

‘मंडळी, फोन भरून जातोय म्हणून ग्रुप कमी करतोय. नंबर हाच आहे, काम पडलं की फोन करा. येतो.’

यात आभार नाहीत, माफी नाही, स्नेह नाही. ‘मंडळी’ म्हटलं की कोणा एकाकडे पाहिल्यासारखं होत नाही. ‘ग्रुप कमी करतोय’ यात हा ग्रुप नावानिशी आलेला नाही, त्यामुळे इथंच काही बिनसलं असं वाटत नाही. ‘नंबर हाच आहे’ या शब्दांनी माणूस गावातून किंवा जगातून जात नाहीये एवढं कळतं. आणि शेवटचा शब्द असा की त्यावर आपल्याकडे कोणी ‘काऊन’ म्हणत नाही, मान हलवतो.

साडेसातला ओळ टाकली. मी बोट लगेच बाहेरच्या दारावर नेलं, तर भाऊंनी मनगट धरलं. ओळ आणि उडी एकत्र केली की धपकन आवाज होतो. ओळ पडल्यावर चारपाच तास गाडीत बसून राहायचं, कोणी काही विचारलं तर विचारू द्यायचं, आणि दुपारी उतरायचं. सहा अंगठे आले, दोन हात जोडलेले आले. पावणेआठला एकानं ग्रुपातच विचारलं, ‘काऊन सर?’

मी उत्तर टंकू लागलो. भाऊंनी फोन काढून घेतला. “ग्रुपात उत्तर देल्लं तं त्याच्यावर दुसरा इचारते, अन् मंग चर्चा बसते. त्याले एकट्याले लिहा.” मी त्याला एकट्याला लिहिलं, ‘काही नाही, फोन भरला.’ त्यानं लिहिलं, ‘माझाही भरलाय.’ आणि मग त्यानं मला त्याच्या फोनमधले, जागा भरली म्हणून पुसायचे असलेले, अकरा व्हिडिओ पाठवले.

दुपारी साडेबाराला मी बाहेर पडलो. एक घंटी. कोणाचा फोन आला नाही. संध्याकाळी बायकोनं विचारलं, आज तुमचा फोन बंद आहे का.

यशानं माणूस माजतो. मी एका आठवड्यात आणखी पाच ग्रुप सोडले आणि सहाव्यावर नजर टाकली. तो एका वसाहतीचा नळाचा ग्रुप होता आणि तिथला एकुलता ॲडमिन मीच होतो. भाऊ म्हणाले, “ड्रायव्हर असा उतरत नसते, सर.” एकच ॲडमिन असेल आणि तो निघून गेला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतल्या कोणालाही आपणहून ॲडमिन करतं. भाऊंच्या माहितीतल्या एका ग्रुपात असा मान घरातल्या वडिलांच्या फोनवर खेळणाऱ्या नववीतल्या पोट्ट्याला मिळाला होता. त्यानं त्या दिवशी ग्रुपाचा फोटो बदलून क्रिकेटवाला लावला आणि नळ कधी येणार हे विचारणाऱ्या तीन काकांना काढून टाकलं. म्हणून आधी दुसरा ॲडमिन नेमायचा, दोन दिवस त्याला चालवू द्यायचं, मग उतरायचं. मी तसं केलं.

सातव्या ग्रुपावर मात्र भाऊ स्वतःच अडले. तो बायकोच्या माहेरचा होता. अकरा माणसं. मी मोठ्या तयारीनं ओळ लिहिली, कोरा दिवस शोधला, साडेसातची वेळ धरली. भाऊंनी वही मिटली.

“इथं माझी घंटी चालत नाई.”

“का बरं?”

“हे गाडी नोहे, घर हाय. आठशेत एक उतरला तं जागा होते. अकरात एक उतरला तं खुर्ची खाली दिसते. इथं तुमी काहीबी लिहा, सासूबाई फोन करतीनच.” मग त्यांनी त्या ग्रुपाचा आवाज कायमचा बंद करून तो अर्काइव्हमध्ये टाकला. आवाज बंद करायला आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय असतात. भाऊंच्या मते पहिले दोन भ्याडांसाठी आहेत. आणि अर्काइव्हमध्ये टाकलेला ग्रुप २०२१ पासून नवा मेसेज आला तरी वर उडी मारून येत नाही, तिथंच पडून राहतो. “गाडीत बसून झोपा,” ते म्हणाले. “फक्त मधून मधून जागे होऊन वाढदिवस पाहात जा.” यातही एक गोम आहे. झोपलं तरी सामान चढतच राहतं, फोटो फोनमध्ये साठतच राहतात. तेव्हा त्यांनी फोटो आपोआप उतरवून घेणंही बंद केलं. माझ्या मेहुण्याला आजवर कळलेलं नाही. हे छापून आल्यावर कळेल.

इतकं सगळं शिकवणारा माणूस स्वतः कसा उतरतो, हे पाहायची मला फार इच्छा होती. आमच्या गल्लीच्या ग्रुपात आम्ही दोघंही होतो. १४० माणसं, बरी वस्ती. भाऊ तिथं कधी फारसं बोलत नसत, पण कोणी एसटीचा फोटो टाकला की ‘ही गाडी आमच्या आगाराची’ एवढं लिहीत.

परवा कोणीतरी जुन्या लाल गाडीचा फोटो टाकला आणि भाऊंचं काही आलं नाही. मी वाट पाहिली. मग सदस्यांची यादी उघडली, त्यात भाऊ नव्हते. तळाशी माजी सदस्यांत पाहिलं, तिथंही नव्हते. म्हणजे ६० दिवस उलटून गेले होते आणि १३९ माणसांपैकी एकालाही पत्ता लागलेला दिसत नव्हता. त्यात त्यांचा पट्टशिष्य मीही होतो.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते.

“भाऊ, न सांगता गेले तुम्ही!”

“सांगून गेलो, सर. वर पाहा.”

मी तिथंच बसून ग्रुप वर सरकवायला लागलो. गुलाब, नळ, गुलाब, श्रद्धांजली, गुलाब. अडीच महिने मागे गेल्यावर आमच्या ॲडमिनचं निमंत्रण सापडलं: रविवारी मळ्यात रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण आहे, सगळ्यांनी यावं. त्याखाली कोणी ‘नक्की’ लिहिलं होतं, कोणी अंगठा दिला होता. आणि मध्येच भाऊंची ओळ होती. सकाळी सात वाजून बत्तीस मिनिटांची.

‘येतो.’

तिला अकरा अंगठे होते. त्यातला एक माझा होता.

“गेलोबी होतो,” भाऊ म्हणाले. “पाच रोडगे खाल्ले. हात धुता धुता ॲडमिनच्या कानात सांगतलं, अन् घरी येऊन उतरलो.”

त्यांनी सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले. मी एक मूठ घेतली.

गल्लीच्या ग्रुपात आज १३९ माणसं आहेत. त्यांतल्या १३७ जणांच्या हिशेबी येतोभाऊ अजून आत आहेत. उरलेले दोघं म्हणजे ॲडमिन आणि मी, आणि आम्ही कोणाला सांगितलेलं नाही.